दोन सुतांनी अडलेला दरवाजा: टफन काच कापता का येत नाही, आणि फुटली की तिचा चुरा का होतो

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका नव्या कपड्यांच्या दुकानाचं काम चालू होतं. दर्शनी बाजूला बारा एमएम टफन काचेचा दरवाजा, जवळपास सात फूट उंच आणि तीन फूट रुंद. माप घेतलं तेव्हा खाली नुसता कोबा होता. काच तयार होऊन येईपर्यंत मालकाने टाइल टाकून घेतली, आणि टाइल, तिच्याखालचा मसाला, खालची सोडायची फट असा सगळा हिशोब मांडल्यावर दरवाजा दोन सूत उंच निघाला. दोन सूत म्हणजे सहा मिलीमीटर.

"मामा, ग्राइंडर आहे ना तुमच्याकडं? मारा खालून दोन सूत," मालक काच बसवणाऱ्या मामांना म्हणाला.

"शेठ, टफनला आता हात लावता येत नाही. फरशी खाली घ्या, नाहीतर नवी काच सांगा."

मालकाला वाटलं मामा काम टाळतायत. साधी काच तर हेच मामा कटरने रेघ मारून टक्कन तोडतात. मग साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत म्हणून जास्त पैसे देऊन घेतलेली काच सहा मिलीमीटर घासायला का घाबरावं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं, तर ही काच मजबूत का, आणि फुटली की तिचे बोथट तुकडेच का होतात, या दोन्ही गोष्टी त्यातच उलगडतात. कारण तिघांच्या मुळाशी काचेच्या पोटात कोंडलेला एकच ताण आहे.

सुरुवात साध्या काचेपासून करू. काच दाबाला घाबरत नाही, ताणाला घाबरते. तिला दाबून चिरडायला प्रचंड जोर लागतो, पण खेचली की ती लवकर हार मानते. आता काच वाकवताना काय होतं बघा. दरवाज्यावर बाहेरून वारा आपटला की काच आतल्या बाजूला किंचित वाकते. बाहेरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि आतला खेचला जातो. काच फुटते ती जवळजवळ नेहमी या खेचल्या जाणाऱ्या बाजूने.

आणि पृष्ठभाग कधीच निर्दोष नसतो. काचेचा कारखाना, ट्रक, गोडाऊन, पुसायचं फडकं, प्रत्येक जण तिच्यावर बारीक चरे सोडतो, डोळ्याला न दिसणारे. १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने हाच मुद्दा मांडला, की काचेची खरी ताकद तिच्या रेणूंच्या पकडीवरून ठरत नाही, या चऱ्यांवरून ठरते. चऱ्याच्या टोकाशी ताण एकवटतो, चरा उघडतो आणि तडा धावत सुटतो. साध्या काचेचा पृष्ठभाग साधारण चौरस सेंटिमीटरला चारशे-पाचशे किलो इतक्या खेचीला सोडून देतो, चरे खोल असतील तर त्याच्याही आधी. मामा कटरने रेघ मारतात तेव्हा ते हेच करतात. एक सरळ चरा पाडायचा, आणि काच वाकवून तो उघडायचा.

चरे टाळता येत नाहीत. पण चरा उघडूच दिला नाही तर? पृष्ठभाग आधीपासूनच सगळीकडून घट्ट दाबून ठेवला, तर त्यावरचा प्रत्येक चरा मिटलेला राहील. मग वाऱ्याने किंवा धक्क्याने काच वाकली, तरी आधी तो दाब संपवावा लागेल, आणि त्यानंतरच चऱ्याला खेच जाणवायला सुरुवात होईल. टफन काच म्हणजे एवढंच. तिच्यात वेगळं रसायन नाही, बाहेरून लावलेलं कोटिंग नाही, काच तीच. फक्त पृष्ठभागावर कायमचा दाब बसवलेला आहे. बाहेरून धरून ठेवणारं काहीच नसताना तो दाब येतो कुठून, हा खरा गमतीचा भाग.

अंबडसारख्या एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये हे काम कसं चालतं ते बघू. मोठ्या शीटमधून दरवाजा मापात कापतात. कडा घासून घेतात. पॅच फिटिंगसाठी कोपऱ्यात खाचा काढायच्या, हँडलसाठी होल मारायचे, ते सगळं याच वेळी. मग काच धुऊन भट्टीच्या तोंडाशी रोलरवर ठेवतात. भट्टीत सिरॅमिकचे रोलर असतात आणि त्यांच्यावर काच सतत मागेपुढे झुलत राहते, कारण ती थांबली तर मऊ होताना रोलरच्या मधल्या फटीत झोळ पडेल. काच साधारण ६२० ते ६४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. दर मिलीमीटर जाडीला चाळीसेक सेकंद हा ढोबळ हिशोब, म्हणजे आपल्या बारा एमएमच्या दरवाज्याला सुमारे आठ मिनिटं. मग भट्टीचं दार उघडतं, काच सर्रकन बाहेर येते आणि वरून-खालून शेकडो नळ्यांमधून तिच्यावर ब्लोअरची हवा सुटते. तो आवाज शेडच्या बाहेरही ऐकू येतो.

आता त्या पुढच्या काही सेकंदांकडे जरा सावकाश बघायला हवं. बहुतेक ठिकाणी इथेच चुकीचं सांगितलं जातं.

लोक सांगतात, "बाहेरचा थर आधी थंड होतो, आकसतो, म्हणून त्याच्यावर दाब येतो." ऐकायला बरं वाटतं, पण उलट आहे. एखादी गोष्ट आकसायला बघते आणि तिला चिकटलेली दुसरी गोष्ट तिला आकसू देत नाही, तेव्हा ती खेचली जाते. हवा सुटल्यावर पहिल्या क्षणांमध्ये नेमकं हेच होतं. काचेची कातडी थंड होऊन आकसायला बघते, आतला गाभा अजून गरम आणि फुगलेला असतो, त्यामुळे कातडी ताणली जाते. काच पुरेशी तापली नसेल तर ती याच क्षणी, हवेखालीच, फुटते. भट्टी चालवणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. हवेखाली काचा फुटायला लागल्या की तो आधी तापमान तपासतो.

पण काच नीट तापलेली असेल तर ती फुटत नाही, कारण त्या वेळी गाभा मऊ असतो. साडेपाचशे अंशांच्या वर काच घट्ट मधासारखी हळूहळू सरकू शकते. कातडीचा ताण गाभा सरकून सामावून घेतो आणि काही क्षणांत तो ताण जवळपास नाहीसा होतो. तोवर कातडी त्या मर्यादेच्या खाली उतरलेली असते. ती आता कडक झाली, तिचा आकार ठरला. गाभा मात्र अजून शंभराहून अधिक अंशांनी गरम असतो.

आणि आता गाभ्याची पाळी. त्यालाही अखेर आपल्या नाशिकच्या हवेच्या तापमानाला यायचंय. म्हणजे कातडीपेक्षा त्याला शंभर-सव्वाशे अंश जास्त उतरायचंय आणि तेवढंच जास्त आकसायचंय. पण तो कातडीला चिकटलेला आहे, आणि कातडी कडक होऊन बसली आहे. गाभा आत खेचतो, कातडी जागा सोडत नाही. गाभ्यात कायमची खेच राहते, आणि त्याने आवळलेल्या कातडीवर कायमचा दाब.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलं असेल तर हे पटकन डोक्यात बसेल. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवतात, फुगलेली असताना लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. चाक आधीच तयार, पक्कं असतं. धाव नंतर आकसते, आणि चाकाला असं आवळते की आरे आणि पुठ्ठे जागचे हलत नाहीत. उशिरा आकसतं ते आवळतं, आधी पक्कं झालेलं दाबलं जातं. धाव बाहेर असते आणि काचेत आवळणारा गाभा आत असतो, एवढाच फरक.

हा खेळ किती मोठा आहे त्याचा अंदाज घेऊ. साधी खिडकीची काच दर अंशाला दहा लाखांत नऊ भाग आकसते. आपला दरवाजा २१०० मिलीमीटर उंच आहे. कातडी आणि गाभा यांच्यात १०० अंशांचा फरक गोठला असं धरलं, तर गाभ्याला कातडीपेक्षा सुमारे १.९ मिलीमीटर जास्त आखूड व्हायचंय. पाव इंचही नाही, पण काच लवचिक नाही, म्हणून एवढ्यातही जोर भयंकर येतो. चांगल्या टफन काचेच्या पृष्ठभागावर चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या आसपास दाब असतो. अमेरिकी मानकात टफन म्हणवून घ्यायला किमान सुमारे सातशे किलो लागतात.

आता काचेच्या जाडीत डोकावू. दाब पृष्ठभागावर सर्वात जास्त असतो आणि आत जाताना झपाट्याने कमी होत जातो. जाडीच्या सुमारे एकवीस टक्के आत गेलं की तो शून्य होतो, आणि त्याच्या पुढे खेच सुरू होते. आपल्या १२ मिलीमीटरच्या दरवाज्यात दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलीमीटरचा दाबलेला थर आहे आणि मधे सात मिलीमीटरचा खेचलेला गाभा. दरवाजा जागेवर स्वस्थ उभा असतो, म्हणजे एकूण दाब आणि एकूण खेच यांचा हिशोब जुळायलाच हवा. गाभा जाड आहे, म्हणून त्यातली खेच कमी लागते. अगदी मध्यभागी ती पृष्ठभागाच्या दाबाच्या निम्मी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाचशे किलो. कडांनाही हवा लागलेली असते, त्यामुळे तिथेही कातडी आहे. भट्टीआधी मारलेल्या होलच्या भिंतीलाही आहे.

साधी काच चारशे-पाचशे किलोच्या खेचीला फुटते असं वर म्हटलं. इथे गाभा दिवसरात्र तेवढ्याच खेचीत उभा असतो, तरी फुटत नाही. कारण चरे असतात पृष्ठभागावर, आणि गाभ्यात त्यांना प्रवेश नसतो. दाबलेली कातडी जोवर अभंग आहे तोवर आतली खेच सुरक्षित आहे. या काचेची सगळी ताकद या एका अटीवर उभी आहे.

इथे विक्रेत्यांच्या बोलण्यातली एक गल्लत दूर करावीशी वाटते. टफन काच जास्त ताठ नसते. तेवढ्याच वाऱ्याला ती साध्या काचेइतकीच वाकते, फक्त जास्त वाकूनही फुटत नाही. तिच्यावर ओरखडेही साध्या काचेइतकेच सहज पडतात. म्हणून दरवाजा लपलपतोय अशी तक्रार असेल तर जाडी वाढवावी लागते. तीच जाडी टफन करून आणली तर लपलपणं तसंच राहणार. एक गोष्ट मात्र नक्की मिळते. गरम-थंड फरक ती खूप सोसते. साधी काच एका जागी चाळीसेक अंश जास्त तापली की तडकू शकते, टफन काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक झेलते.

आता मामांच्या ग्राइंडरकडे. त्यांनी खालची कड दोन सूत घासायला घेतली असती, तर चाकाने आधी कडेची दाबलेली कातडी खाल्ली असती. तिथवर काच कदाचित गप्प राहिली असती. मग ग्राइंडर खेचलेल्या गाभ्याला भिडला असता, आणि ग्राइंडरने पाडलेला प्रत्येक चरा पाचशे किलोच्या खेचीत उघडा पडला असता. पुढचं सगळं एका निमिषार्धात. अशा काचेत तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. २१०० मिलीमीटरचा दरवाजा तो दीड मिलिसेकंदाच्या आत पार करतो. डोळ्याला दिसतं ते इतकंच, की होता तो दरवाजा आणि आता आहे तो खडीचा ढीग.

हा वेग मोजायला सोपा नव्हता. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला एक मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी तो टिकतो, पण शेपटीचं टोक चिमटलं की अख्खा मणी भुगा होतो. सतराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या मंडळींना या मण्याने बुचकळ्यात टाकलं होतं. तोही टफन काचेचाच भाऊ, पाण्याने थंड केलेला. १९९४ साली एस. चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी या दोघांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याच्यातून धावणारी तड्यांची आघाडी टिपली, आणि तिचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास आणि त्याहून थोडा जास्त भरला.

एकाच तड्याने दोन तुकडे होऊन का थांबत नाही? साध्या काचेला तडा पुढे नेण्यासाठी बाहेरचा जोर लागतो, दगडाचा किंवा धक्क्याचा. तो संपला की तडा थांबतो. म्हणून साध्या काचेत चार-सहा लांब तडे जातात आणि मधे लांब सुऱ्यांसारखे तुकडे राहतात. टफन काचेत जोर बाहेरून आणावा लागत नाही, तो काचेतच जागोजागी साठवलेला असतो. आपल्या दरवाज्याचा हिशोब केला तर ही साठवलेली ऊर्जा सुमारे पाचशे ज्यूल भरते. दरवाज्याचं वजन सत्तावन्न किलोच्या आसपास, तर तो अख्खा जवळपास तीन फूट उचलायला लागेल एवढी ती ऊर्जा आहे. तडा जिथे पोचतो तिथे त्याला पुढे जायचा खुराक तयारच असतो.

पण तड्याच्या वेगाला मर्यादा असते. दीड किलोमीटरच्या पुढे तो जवळपास जाऊच शकत नाही. खुराक उरतो, वेग वाढत नाही, मग तडा फाटतो आणि एकाचे दोन होतात. ते दोघंही लगेच त्याच वेगाला पोचतात आणि पुन्हा फाटतात. ही फाटाफूट कुठवर चालते? तुकडा लहान होत गेला की त्याच्या नव्या, मोकळ्या कडांकडून त्याच्यातली खेच सुटत जाते. तुकड्याची रुंदी काचेच्या जाडीइतकी झाली की त्याच्यात खेचायला फारसं काही उरत नाही आणि फाटाफूट थांबते. म्हणूनच जाड काचेचे तुकडे फाशांसारखे ठोकळे असतात.

बोथटपणाही इथेच येतो. खेच काचेच्या पातळीत सगळ्या दिशांना सारखी आहे. तड्याला कुठलीच एक दिशा आवडीची नाही, म्हणून लांब पट्टी होण्याऐवजी चार-पाच-सहा बाजूंचे तुकडे होतात आणि त्यांचे कोपरे फारसे चिंचोळे नसतात. शिवाय तडा मध्यभागाच्या खेचीने ओढला जात काचेच्या पातळीला काटकोनात धावतो, त्यामुळे तुकड्याच्या भिंती सरळ उभ्या राहतात आणि सुरीसारखी तिरपी पातळ धार तयार होत नाही. धार अजिबात नसते असं मात्र नाही. हे तुकडे हाताने भरले तर बोटाला बारीक चिरा पडतात. पण साध्या काचेच्या पातीने शीर कापली जाते, तसं सहसा होत नाही. सुरक्षित याचा अर्थ एवढाच.

तुकडे खेचीमुळेच बारीक होतात, याचा सरळ पुरावा अर्ध्या टफन काचेत मिळतो. बाजारात तिला हीट स्ट्रेंदन्ड म्हणतात. भट्टी तीच, तापमानही जवळपास तेच, फक्त हवा हळू सोडतात. गाभा आणि कातडी यांच्यातला फरक कमी गोठतो, आणि पृष्ठभागावरचा दाब अडीचशे ते पाचशे किलोंच्या दरम्यान राहतो. ही काच साध्या काचेपेक्षा दुप्पट मजबूत असते, पण फुटली की साध्या काचेसारखेच मोठे तुकडे देते. आतली खेच तड्याला सतत फाटायला लावण्याइतकी नसते. म्हणून दार, स्नानगृहाची पार्टिशन, अशा जिथे माणूस काचेवर आदळू शकतो तिथे ही काच चालत नाही.

म्हणूनच टफन काच नीट झाली की नाही हे तपासायचा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे एक नमुना फोडून तुकडे मोजणं. युरोपीय पद्धतीत नमुन्याच्या लांब बाजूच्या मधोमध, कडेपासून १३ मिलीमीटर आत टोकदार हत्याराने ठोका देतात. तुकडे पसरू नयेत म्हणून काच आधी धरून ठेवलेली असते. मग जिथे तुकडे सर्वात मोठे दिसतात तिथे पाच सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखायचा आणि आतले तुकडे मोजायचे. चार ते बारा मिलीमीटरच्या काचेत ते किमान चाळीस भरले पाहिजेत. चाळीस म्हणजे प्रत्येक तुकडा सरासरी आठ मिलीमीटर बाजूचा. कमी भरले तर हवा कमी पडली किंवा भट्टी असमान तापली. आपल्याकडे इमारतींच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे, आणि दरवाजा घेताना कोपऱ्यात त्याचा पक्का उमटवलेला शिक्का आहे का ते बघावं. नुसता स्टिकर असेल तर तो कुणीही लावू शकतो.

शिक्क्याखेरीज आणखी एक तपास कुणालाही करता येतो. पोलरॉइड गॉगल घालून दुपारी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभे राहा आणि समोरच्या गाडीची मागची काच बघा. तिच्यावर राखाडी ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. ते डाग नाहीत. हवेच्या नळ्या जिथे नेमक्या फुंकत होत्या तिथे दाब थोडा वेगळा बसला, आणि दाबलेली काच प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलते, म्हणून नळ्यांचा ठसा गॉगलमधून उमटतो. दुकानाच्या दरवाज्यावरही आभाळाचं प्रतिबिंब पडलं असताना डोकं थोडं तिरपं करून बघा. नक्षी दिसली तर काच तापवून हवेने थंड केलेली आहे हे नक्की. ती पूर्ण टफन आहे की अर्धी, हे मात्र गॉगल सांगत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत ही नक्षी दिसणार नाही, कारण ती दोन साध्या काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली लॅमिनेटेड काच असते.

मोबाइलच्या दुकानात स्क्रीनवर चिकटवायला जे टेम्पर्ड ग्लास मिळतं ते या भट्टीतून आलेलं नसतं. एक मिलीमीटरपेक्षाही पातळ काचेत कातडी आणि गाभा यांच्यात फरक टिकवताच येत नाही, सगळी एकदम थंड होते. हवेने टफन करणं तीनेक मिलीमीटरच्या खाली फार अवघड होत जातं. पातळ काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात, आणि दाटीमुळे पृष्ठभागावर दाब येतो. दाब तोच, वाट वेगळी.

आता राहिला तो प्रकार, जो लोकांना भुताटकीसारखा वाटतो. रात्री कुणी नसताना बाल्कनीच्या रेलिंगची काच आपोआप फुटते. गंगापूर रोडकडच्या नव्या इमारतींमध्ये काचेची रेलिंग भरपूर आहेत, आणि असं झालं की आधी शेजारच्या पोरांवर संशय जातो. पोरांचा दोष असू शकतो. फिटिंग करताना कड धातूला टेकली असेल, तर तेही कारण होऊ शकतं. पण एक कारण काचेच्या पोटातलंच असतं. काच बनवताना कधीतरी निकेल सल्फाइडचा एक कण तिच्यात अडकतो, मिलीमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा. हा पदार्थ सुमारे ३८० अंशांच्या वर एका रूपात असतो आणि खाली दुसऱ्या, थोड्या फुगीर रूपात. साधी काच सावकाश थंड होते, त्यामुळे कणाला रूप बदलायला वेळ मिळतो आणि काही बिघडत नाही. टफन काचेला हवा इतक्या लवकर थंड करते, की कण गरम रूपातच गोठून बसतो. मग महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तो हळूहळू बदलत जातो आणि दोन ते चार टक्क्यांनी फुगतो. तो गाभ्यातल्या खेचीत बसलेला असला तर एवढं पुरतं. कातडीत असता तर दाबाने त्याला गप्प ठेवलं असतं.

फुटलेली काच चौकटीत अजून उभी असेल तर हे ओळखता येतं. तड्यांच्या रेघा मागे मागे जाऊन एका बिंदूशी मिळतात, आणि त्या बिंदूवर दोन जरा मोठे, एकमेकांना चिकटलेले तुकडे असतात, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. त्यांच्या मधल्या रेषेवर कधीकधी भिंगाने काळपट ठिपका दिसतो. तुकडे झाडून टाकले की हा पुरावा गेला, म्हणून आधी फोटो काढून घ्यावा. यावर उपाय कारखान्यातच करतात. टफन झालेल्या काचा पुन्हा एका ओव्हनमध्ये २६० ते २९० अंशांना काही तास ठेवायच्या. ज्यांच्यात असा कण आहे त्यातल्या बहुतेक तिथेच फुटून जातात. याला हीट सोक म्हणतात, त्याचे पैसे वेगळे लागतात. वरच्या मजल्यावरच्या काचेसाठी ते द्यावेत असं माझं मत आहे, दुकानाच्या दरवाज्यासाठी बहुधा गरज नाही.

वरच्या मजल्यावरच्या काचेबाबत आणखी एक गोष्ट. बोथट तुकडे हा फायदा तुम्ही काचेजवळ उभे असाल तेव्हाचा. दहाव्या मजल्यावरून काच फुटली तर तुकडे सुटे पडतातच असं नाही. पुष्कळदा ते एकमेकांत अडकून वितभर गठ्ठ्यांनी खाली येतात, आणि तो गठ्ठा कित्येक किलोंचा असू शकतो. म्हणून रेलिंगसाठी नुसती टफन काच पुरत नाही, दोन काचा मधल्या प्लास्टिकच्या थराने जोडून घ्याव्यात. आणि डोक्यावरच्या छतासाठी जाणकार त्या दोन काचाही पूर्ण टफन न घेता अर्ध्या टफनच्या घेतात. दोन्ही पूर्ण टफन काचा फुटल्या तर सगळा चुरा प्लास्टिकला चिकटून लोंबकळतो आणि अख्खी शीट चौकटीतून निसटू शकते. अर्ध्या टफनचे मोठे तुकडे एकमेकांना आधार देतात, आणि फुटलेली काच बदलेपर्यंत जागेवर टिकते.